एकाच गेमचा पिंग ९ वरून ७४ वर जातो, राउटर बंद-चालू केला की कधी उतरतो, कधी नाही

माझा भाचा नाशिकला असतो. घरी फायबर आहे, स्पीड टेस्ट पूर्ण आकडा दाखवते, व्हिडिओ कुठे अडकत नाही. तो दोन गेम खेळतो आणि दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत. एकात पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, कायम ९ ते ११ मिलिसेकंद. दुसऱ्यात कधी ९, तर कधी ७४. मधलं काही नाही. ७४ झाला की दिवसभर ७४, पहाटे सुद्धा. इंटरनेट कंपनीच्या लाइनमनने येऊन पाहिलं, केबल बदलली, आणि जाताना म्हणाला, "साहेब, स्पीड तर फुल येतोय." त्याचं खोटं नव्हतं. बिघाड नाशिकच्या घरात नव्हताच.

राउटर बंद करून पाच मिनिटांनी चालू केला की कधीकधी ९ यायचा. मग तीन-चार दिवस शांतता, आणि पुन्हा फोन: "मामा, परत चौऱ्याहत्तर." हे असं येऊन-जाऊन राहणं हीच या बिघाडाची सगळ्यात उपयोगी खूण निघाली, पण ते कळायला मला दोन आठवडे लागले. तुमच्याकडे हेच चाललं असेल तर मी ज्या क्रमाने शोधलं त्यातला फुकट गेलेला भाग वगळून सांगतो.

आधी आकड्याकडे नीट बघा, तो बरंच सांगतो. पिंग संध्याकाळी आठनंतर चढत असेल, १५, ४०, ९० असा उड्या मारत असेल आणि सोबत पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळत असतील, तर कुठली तरी जोडणी भरून वाहते आहे. तो वेगळा आजार. इथे तसं नव्हतं. ७४ हा आकडा सपाट होता, एखाद-दुसरा मिलिसेकंद इकडे-तिकडे. गर्दीचा पिंग असा स्थिर राहत नाही. स्थिर वाढ म्हणजे अंतर वाढलंय, पॅकेट लांबून फिरून येतंय.

किती लांबून, याचा अंदाज फरकावरून येतो. काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तर निसर्गाचेच झाले. समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात साठच्या आसपास लागतात. आमचा फरक ७४ वजा ९, म्हणजे ६५. पॅकेट एकदा सिंगापूरला जाऊन येत असणार, हा संशय तिथेच आला.

पण संशय दोन प्रकारचा होता. एक, गेमच भाच्याला सिंगापूरच्या सर्व्हरवर बसवत असेल. दोन, सर्व्हर मुंबईतच आहे, पण वाट वाकडी आहे. पहिल्याचा इलाज गेमच्या सेटिंगमध्ये असतो, दुसऱ्याचा नाही. म्हणून आधी सर्व्हरचा खरा पत्ता हवा.

विंडोजमध्ये मॅच चालू असताना `resmon` उघडा, नेटवर्कच्या पानावर जा, वरच्या यादीत गेमच्या प्रोसेससमोर खूण करा. खाली तो प्रोसेस कोणकोणत्या पत्त्यांशी बोलतोय ते दिसतं. लॉगिन, चॅट, दुकान यांचेही पत्ते तिथे असतात, त्यांना फसू नका. मॅचचा सर्व्हर म्हणजे ज्याच्याकडे दोन्ही बाजूंनी सेकंदामागून सेकंद सारखा डेटा वाहतोय तो. चॅट मध्येच बोलतं आणि गप्प बसतं. तिथे गोंधळ वाटला तर वायरशार्क हे पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर लावा आणि यूडीपीच्या संभाषणांत सगळ्यात जास्त पॅकेट कोणाशी झाली ते पाहा. प्रत्येक मॅचला सर्व्हर बदलू शकतो, म्हणून पुढची तपासणी त्याच मॅचमध्ये किंवा ती संपल्या-संपल्या करायची. व्हॉल्व्हच्या गेममध्ये दिसणारा पत्ता बहुतेक वेळा मधल्या रिलेचा असतो, खुद्द सर्व्हरचा नाही. तरी तुमच्या घरापासून त्या रिलेपर्यंतची वाट तपासायला तोच पत्ता चालतो.

पत्ता मिळाल्यावर मी भाच्याला मोबाइलचा हॉटस्पॉट लावायला सांगितला आणि त्याच पत्त्याकडे जाणारी वाट `tracert` या आज्ञेने मोजली. शेवटचा जो टप्पा उत्तर देत होता तिथपर्यंत ३४ मिलिसेकंद लागले. मोबाइलच्या मानाने ठीकच. पण मुद्दा वेगळा आहे: ३४ हा आकडा ३९ पेक्षा कमी आहे. ती यंत्रं सिंगापूरला असती तर ३४ येणं शक्यच नव्हतं. म्हणजे गेमवाल्यांचं नेटवर्क मुंबईतच आपल्याला भेटतंय. जागा शोधून देणाऱ्या संकेतस्थळांवर आयपी टाकून "हा सिंगापूरचा आहे" असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतात. तिथे नोंद बऱ्याचदा कंपनीच्या कार्यालयाची असते, यंत्राची नाही. घड्याळावर विश्वास ठेवा.

आता घरच्या फायबरवरून तीच वाट:

```
tracert -d 198.51.100.77

  1    <1 ms    <1 ms    <1 ms  192.168.1.1
  2     3 ms     3 ms     4 ms  100.64.12.1
  3     4 ms     4 ms     4 ms  10.20.0.1
  4     9 ms     8 ms     9 ms  10.20.4.9
  5    74 ms    73 ms    74 ms  198.51.100.9
  6    73 ms    74 ms    74 ms  198.51.100.40
  7     *        *        *     Request timed out.
```

सार्वजनिक पत्ते मी बदललेत, आकडे खरे आहेत. शेवटच्या ओळीतल्या चांदण्या बघून घाबरायचं कारण नाही, गेमचे सर्व्हर बहुधा अशा चौकशीला उत्तरच देत नाहीत. मधल्या एखाद्या टप्प्यावर चांदण्या किंवा मोठा आकडा आला आणि पुढचे टप्पे परत लहान झाले, तर तेही सोडून द्या. तो राउटर चौकशीला उत्तर देण्यात आळशी आहे, इतकंच. बघायचं ते हे की आकडा कुठे चढतो आणि चढल्यावर शेवटपर्यंत चढलेलाच राहतो का.

इथे तो चौथ्या आणि पाचव्या टप्प्यामध्ये चढतो. चौथा म्हणजे आपल्या कंपनीचा मुंबईतला राउटर. पाचवा गेमवाल्यांचा. `-d` काढून हीच आज्ञा दिली की काही राउटरची नावंही दिसतात, आणि नेटवर्कवाले नावात बहुतेक विमानतळाचा संकेत घालतात. पाचव्याच्या नावात मुंबईचा `bom` होता. सिंगापूरचा `sin` कुठेच नव्हता. मुंबईतून निघून मुंबईतच पोचायला ६५ मिलिसेकंद? सिंगापूरचा एकही टप्पा यादीत नाही, तरी सिंगापूरचं अंतर आकड्यात आहे.

याच जागी मी अडकलो होतो, आणि बहुतेक जण इथेच अडकतात, कारण ही यादी बघताना आपण समजतो की यात पूर्ण वाट दिसते. तशी ती दिसत नाही. यादीत फक्त जाण्याची वाट असते. आकडा मात्र जाण्या-येण्याचा मिळून असतो. पाचव्या राउटरपर्यंत आपलं पॅकेट मुंबईतच पोचलं. पण त्याने पाठवलेलं उत्तर कोणत्या रस्त्याने घरी आलं, ते या यादीत कधीच दिसणार नाही. उत्तर सिंगापूरला जाऊन आलं तरी वेळ वाढेल आणि नाव दिसणार नाही. आमच्याकडे नेमकं तेच होत होतं. चौथा राउटर आपल्याच कंपनीचा, तो उत्तर घरातल्या घरात पाठवतो, म्हणून ९. पाचवा दुसऱ्याच्या घरचा, तो परतीची वाट स्वतःच्या वहीप्रमाणे ठरवतो.

राउटर बंद-चालू केल्याने फरक का पडत होता, तेही यातूनच उलगडलं. पॅकेट जाताना पाकिटावर पत्ता सर्व्हरचा असतो, येताना आपला. रस्ता ठरतो तो पोचण्याच्या पत्त्यावरून. सर्व्हरचा पत्ता तोच, त्यामुळे जाण्याची वाट रोज तीच. आपला सार्वजनिक पत्ता मात्र राउटर नव्याने जोडला की बदलू शकतो. पत्ता बदलला की परतीची वाट बदलली.

भाच्याला एक काम दिलं. दर वेळी खेळायला बसण्याआधी ही आज्ञा देऊन येणारा पत्ता आणि गेममधला पिंग वहीत लिहायचा:

```
curl ifconfig.me
```

राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता इथे चालत नाही. तो `100.64` ने सुरू होत असेल तर तो कंपनीच्या आतला आहे, आणि बाहेर जाताना तुमच्यासारखे अनेक जण एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. बाहेरच्याला दिसणारा पत्ताच लागतो.

नऊ दिवसांत चौदा नोंदी झाल्या. `192.0.2` ने सुरू होणारा पत्ता मिळाला तेव्हा प्रत्येक वेळी ९ किंवा १०. `203.0.113` ने सुरू होणारा मिळाला तेव्हा प्रत्येक वेळी ७३ किंवा ७४. एकही अपवाद नाही. गल्लीत त्याच कंपनीचं कनेक्शन असलेला त्याचा मित्र आहे, त्याला महिनाभर एकदाही त्रास नव्हता. त्याचा पत्ता पहिल्या गटातला निघाला. याआधी दोघांच्या राउटरची तुलना करण्यात, चॅनेल बदलण्यात, डीएनएस बदलण्यात आमचे कित्येक तास गेले होते. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधतो. मॅच सुरू झाल्यावर त्याचा पिंगशी काही संबंध उरत नाही, हे मला माहीत असूनही मी ते करून पाहिलं, कारण काहीतरी केल्यासारखं वाटतं.

मग प्रश्न उरला की एका गटाला मुंबईची सरळ वाट आणि दुसऱ्याला सिंगापूरची, असं गेमवाले का करतील. ते मुद्दाम करत नाहीत. इंटरनेट कंपनी आपल्या शेजाऱ्यांना जाहीर करते की हे हे पत्ते माझ्याकडे आहेत, इकडे पाठवा. आमच्या कंपनीचं मुंबईत गेमवाल्यांशी थेट पिअरिंग, म्हणजे दोन नेटवर्कची सरळ जोडणी, आहे, शिवाय बाकी जगासाठी एका मोठ्या कंपनीकडून विकत घेतलेली ट्रान्झिट आहे. दोन्हीकडे ती आपले गट जाहीर करते. पण शहाणे शेजारी जे सांगितलं ते सगळं मान्य करत नाहीत, कारण चुकून कोणी दुसऱ्याचे पत्ते आपले म्हणून सांगितले तर अनर्थ होतो. म्हणून ते सार्वजनिक नोंदवहीत बघतात: हा गट या कंपनीच्या नावावर आहे का? नोंद असली तर स्वीकार, नाही तर गाळ.

आता चित्र असं झालं. नवा गट मुंबईच्या पिअरिंगवर जाहीर झाला, नोंद नसल्यामुळे गेमवाल्यांच्या गाळणीत अडकला. तोच गट ट्रान्झिटमार्गे जगभर फिरला, आणि गेमवाल्यांना सिंगापूरला ऐकू आला. त्यांच्या दृष्टीने या पत्त्यांकडे जायची एकच वाट उरली: आधी आपल्याच नेटवर्कने सिंगापूर, तिथून ट्रान्झिटने परत मुंबई, तिथून नाशिक. दुसऱ्या गेमचं यजमान नेटवर्क वेगळं, त्याची गाळणी वेगळी, त्याची आमच्या कंपनीशी भेट वेगळ्या ठिकाणी होते, म्हणून तिथे ९. "फक्त याच गेममध्ये का" याचं उत्तर एवढंच आहे.

नोंद आहे की नाही हे घरबसल्या बघता येतं. लिनक्स किंवा मॅकवर:

```
whois -h whois.radb.net 192.0.2.10
whois -h whois.radb.net 203.0.113.20
```

पहिल्या गटासाठी `route:` आणि `origin:` अशा ओळी आल्या, `origin:` समोर आमच्या कंपनीचा क्रमांक. दुसऱ्यासाठी `No entries found`. वाईट पत्त्याची एकट्याची चौकशी करू नका, चांगल्याचीही सोबत करा. फरक दाखवल्याशिवाय समोरचा ऐकत नाही. विंडोजवर ही आज्ञा नसते, तेव्हा bgp.he.net किंवा stat.ripe.net वर पत्ता टाकून तेच पाहता येतं.

तिथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या: आरपीकेआय. ही त्याच कामाची सहीशिक्क्याची नोंद, भारतातल्या बहुतेक कंपन्या ती आयआरआयएनएन या पत्ते वाटणाऱ्या भारतीय संस्थेमार्फत करतात. इथे नोंद नसणं सहसा तितकं घातक नसतं, पण चुकीची असणं असतं. कंपनीने सही मोठ्या गटासाठी केलेली असते आणि जाहीर करताना त्याचे तुकडे केलेले असतात, तेव्हा तुकड्यांसमोर `invalid` दिसतं. अनेक मोठी नेटवर्क असे तुकडे सरळ टाकून देतात. लक्षणं हुबेहूब आमच्यासारखीच.

खात्रीसाठी शेवटचा प्रयोग: मुंबईतून बाहेर पडणारा व्हीपीएन. वाईट पत्ता असताना तो लावला तर पिंग ७४ वरून १७ वर आला. व्हीपीएनने एक वळसा वाढतो, तरी आकडा उतरला, कारण गेमवाल्यांना आता आपला पत्ता दिसतच नाही, व्हीपीएनचा दिसतो. तात्पुरतं खेळायला हे ठीक आहे, पण काही गेमना व्हीपीएन चालत नाही, नियम वाचून मगच लावा. आणि व्हीपीएनने काहीच फरक पडला नाही, तर हे सगळं विसरा आणि घर ते कंपनी या पट्ट्यात शोधा.

तक्रार कुठे करायची याने निम्मं काम होतं. कॉल सेंटरवर "पिंग जास्त येतो" सांगितलं की लाइनमन येतो, केबल बदलतो. पीअरिंगडीबी नावाच्या सार्वजनिक यादीत, peeringdb.com वर, कंपनीचं नाव टाकलं की ती कुठल्या एक्सचेंजवर, म्हणजे नेटवर्क एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणी, आहे ते दिसतं, आणि बऱ्याचदा नेटवर्क विभागाचा ईमेलही सापडतो. मी तिथेच लिहिलं, आणि पिंगची कहाणी न सांगता एवढंच मांडलं: या गटातून हा पाचवा टप्पा ९ मिलिसेकंदांवर, त्या गटातून तोच टप्पा ७४ वर. दोन्ही याद्या, भारतीय वेळेसह. सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट. पहिल्या गटाची नोंद आहे, दुसऱ्याची नाही. प्रश्न एकच: हा गट मुंबईत या नेटवर्कने स्वीकारलाय का, ते तपासाल का?

गेमच्या मदत केंद्रालाही तेच पाठवलं, आणि त्यांच्या मुंबईच्या राउटरवरून भाच्याच्या पत्त्याकडची उलटी वाट मागितली. ती फक्त तेच काढू शकतात. त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं, वायफायऐवजी केबल वापरा. दुसऱ्या वेळी याद्या परत जोडल्यावर प्रकरण वर गेलं.

तुमच्या यादीत आकडा चढतानाच `sin` नावाचा टप्पा दिसत असेल, तर गोष्ट सोपी आहे. जाण्याचीच वाट वाकडी आहे, ती तुमची कंपनी ठरवते, आणि गेमवाल्यांना त्रास द्यायची गरज नाही. आणि फरक ६५ ऐवजी सव्वाशेच्या घरात असेल तर दोन शक्यता: जाताना आणि येताना दोन्हीकडून सिंगापूर, किंवा एकदाच युरोप. टप्प्यांची नावं बघितल्याशिवाय त्यातलं कोणतं ते सांगता येत नाही.

आमच्या कंपनीच्या अभियंत्याचा चौथ्या दिवशी फोन आला. ग्राहक वाढले म्हणून नवा गट घेतला, जुन्याची नोंद कोणीतरी कधीकाळी केली होती, नव्याची करायची राहिली. त्याने त्याच दुपारी नोंद केली. तरी संध्याकाळी ७४ च होते आणि भाच्याचा चेहरा पडला. पण गाळण्या नोंदवहीवरून ठरावीक वेळाने नव्याने बनतात, बऱ्याच ठिकाणी दिवसातून एकदा. मी त्याला राउटरला हात लावू नको म्हणालो, कारण चांगल्या गटातला पत्ता मिळून ९ आले असते तर काय दुरुस्त झालं तेच कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पत्ता पाहिला, `203.0.113` चाच होता. मग वाट मोजली:

```
  4     9 ms     9 ms     8 ms  10.20.4.9
  5     9 ms    10 ms     9 ms  198.51.100.9
```

अभियंत्याने बोलता बोलता सांगितलं की पुढच्या महिन्यात अजून एक गट येतोय. त्याची नोंद झाली का, ते मी आत्ताच विचारून ठेवलंय.